व्हीपीएन लावून दुसऱ्या देशाचा कॅटलॉग बघितला आणि खात्यावर इशाऱ्यांची रांग लागली: नक्की काय झालं?

रात्रपाळी

जाणकारांनी जरा प्रकाश टाकावा.

एका व्हिडिओ सेवेचं माझं रीतसर पैसे भरलेलं खातं आहे. एका मालिकेचे पुढचे सीझन माझ्या देशाच्या यादीत नाहीत, दुसऱ्या एका देशाच्या यादीत आहेत. म्हणून व्हीपीएन घेतलं आणि तिथला सर्व्हर निवडला. सुरुवातीला छान चाललं. मग एकेक करून विचित्र गोष्टी व्हायला लागल्या.

आधी यादीच आक्रसली. म्हणजे त्या देशाची यादी नाही, माझ्याही देशाची नाही, नुसत्या त्या कंपनीच्या स्वतःच्या मालिका उरल्या. सर्व्हर बदलत गेलो तर काही ठिकाणी 'तुम्ही प्रॉक्सी वापरताय असं दिसतं' असा संदेश आला. त्याच रात्री 'नव्या ठिकाणाहून लॉगिन झालं आहे' अशी मेल आली, थोड्या वेळाने टीव्हीसकट सगळीकडून लॉगआउट झालो आणि पासवर्ड बदलल्याशिवाय आत घेईना.

व्हीपीएन चालूच होतं म्हणून गेमच्या एका दुकानातही त्या देशाचं गिफ्ट कार्ड खात्यात भरलं आणि दुकानाचा देश बदलला. आता ते म्हणतं की इतक्यात पुन्हा देश बदलता येणार नाही. शिल्लक परक्या चलनात पडून आहे आणि तिथे माझं कार्ड चालत नाही.

हे सगळं एकाच शिक्षेचे भाग आहेत का? माझं नाव कुठल्या काळ्या यादीत गेलं आहे का?

---

भोचक

काळी यादी वगैरे काही नाही हो. त्यांच्याकडे व्हीपीएन कंपन्यांच्या आयपी पत्त्यांची यादी असते. तुमचा पत्ता त्यात सापडला की दार बंद. नवा सर्व्हर निवडायचा, तोही बंद झाला की पुढचा. लहान कंपनीचं व्हीपीएन घ्या, त्यांचे पत्ते उशिरा सापडतात. मी असंच करतो. एन्क्रिप्शन फोडून ते आत बघतात वगैरे जे लोक सांगतात ते साफ खोटं.

---

साधाप्रश्न

आमच्या ऑफिसचं व्हीपीएन लावलं की मीटिंगमध्ये आवाज तुटतो, तोही हाच प्रकार का? आणि फुकटातलं चांगलं व्हीपीएन कुठलं?

---

तारायंत्र

@साधाप्रश्न, नाही, तो वेगाचा मामला आहे, त्याचा इथे संबंध नाही. फुकटच्या प्रश्नाकडे नंतर येते, तो मात्र इथे नक्की लागू आहे.

@रात्रपाळी, काही वर्षं मी अशाच एका सेवेच्या फसवणूक-तपासणीच्या कामात होते, त्यामुळे आतल्या बाजूने सांगते. तुमच्याकडे झालं ते एका शिक्षेचे तीन भाग नाहीत. तीन वेगळ्या यंत्रणांनी एकमेकींना न विचारता आपापलं काम केलं, आणि त्यांचे हेतूही वेगळे आहेत. तुम्हाला ते एका रात्रीत दिसलं म्हणून एकच कारस्थान वाटतंय.

यादी आक्रसणं हा हक्कांचा प्रश्न. चित्रपट किंवा मालिकेचे हक्क देशागणिक विकले जातात. एकाच मालिकेचे हक्क इथे एका सेवेकडे, शेजारच्या देशात दुसरीकडे, तिसऱ्या ठिकाणी टीव्ही वाहिनीकडे. सेवेने करारात लिहून दिलेलं असतं की या प्रदेशाबाहेर दाखवणार नाही आणि त्यासाठी वाजवी उपाय करू. नेटफ्लिक्सचंच बघा. जानेवारी २०१६ मध्ये त्यांनी एका झटक्यात १३० नवे देश उघडले आणि त्याच महिन्यात प्रॉक्सीवाल्यांना अडवणार असंही जाहीर केलं. तोवर बरंच काही चालून जायचं.

प्रॉक्सीचा संशय आला की सेवेपुढे प्रश्न पडतो: हा माणूस खरा कुठल्या देशात आहे ते कळत नाही, मग याला काय दाखवू? सुरक्षित उत्तर एकच, ज्याचे हक्क जगभर आपलेच आहेत तेवढं. तुमची यादी म्हणूनच आक्रसली. खात्यावर काही डाग पडला म्हणून नाही. व्हीपीएन बंद करून ॲप पुन्हा उघडा, पूर्ण यादी परत येईल. आली, तर पहिली गोष्ट तिथेच संपली.

---

रात्रपाळी

खरंच आली की! पण मग लॉगआउट आणि पासवर्ड कशासाठी?

---

तारायंत्र

ती दुसरी यंत्रणा. तिला हक्कांचं काही देणंघेणं नाही, तिला चोर पकडायचा आहे.

तिच्या नोंदवहीत तुमची रात्र कशी दिसली असेल ते बघा. वेळा मी उदाहरणादाखल घेते. ९:१० ला तुमचा टीव्ही घरच्या पत्त्यावरून. ९:१४ ला तेच खातं लॅपटॉपवर, दुसऱ्या खंडातून. तिथे संदेश आला म्हणून तुम्ही सर्व्हर बदललात, ९:२१ ला तिसरा देश. ९:२६ ला चौथा. मधल्या काळात टीव्ही घरच्या पत्त्यावरून सेवेशी बोलतोच आहे. एवढ्या मिनिटांत एवढं अंतर कुठलंही विमान कापत नाही. दोन लॉगिनमधलं अंतर भागिले वेळ, आणि उत्तर अशक्य आलं की संशयाचे गुण वाढतात. अशा बऱ्याच संकेतांचे गुण एकत्र होतात आणि मर्यादा ओलांडली की खातं चोरीला गेलंय असं गृहीत धरून सगळीकडून बाहेर काढलं जातं.

त्यात भर म्हणजे पत्त्याची पत. व्हीपीएनच्या एका बाहेरच्या पत्त्यामागे शेकडो अनोळखी लोक असतात. चोरलेल्या पासवर्डांच्या याद्या घेऊन खात्यांमागून खाती उघडून बघणारे लोकही हेच पत्ते वापरतात. एखाद्या धर्मशाळेत सतत चोर उतरत असतील तर तिथे मुक्कामाला आलेल्या सज्जनाचीही पिशवी तपासली जाते, तसंच हे. कोडी सोडवायला लावणं, मेलवर आकडा पाठवणं, थोडा वेळ लॉगिन थांबवणं, यातलं बरंचसं तुमच्या पत्त्याच्या शेजाऱ्यांमुळे होत असतं.

म्हणून @भोचक यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. पत्त्यांच्या याद्या असतात हे खरं, एन्क्रिप्शन कोणी फोडत नाही हेही खरं. पण 'नाही चाललं तर पुढचा सर्व्हर' हा उपाय पहिल्या यंत्रणेला चुकवताना दुसरीच्या तोंडात नेतो. दर उडीला नवा देश. रात्रपाळींचं लॉगआउट त्या उड्यांमुळेच झालं, मालिका बघितली म्हणून नाही.

---

भोचक

मला तर कधीच लॉगआउट नाही केलं. तुम्ही उगाच घाबरवताय.

---

तारायंत्र

तुम्ही बहुधा एकाच उपकरणावर, आधीच लॉगिन असलेल्या ब्राउझरमध्ये बघत असाल. ओळखीचं उपकरण आणि जुनी कुकी असली की गुण कमी पडतात. रात्रपाळींनी लॅपटॉपवर नव्याने लॉगिन केलं असावं. मर्यादा प्रत्येक सेवेची वेगळी असते आणि ती कोणी बाहेर सांगत नाही, तेव्हा तुमचा अनुभव खोटा नाही, पण तो सगळ्यांना लागू होईलच असंही नाही.

---

आडकेबल

नेटवर्कवाला इथे. तारायंत्र यांच्या 'पत्त्याची पत' मध्ये थोडी भर घालतो, कारण 'व्हीपीएन कंपनीच्या पत्त्यांची यादी' म्हटलं की लोकांना वाटतं कोणीतरी बसून एकेक पत्ता लिहितंय. मुळात ते त्याहून सोपं आहे. इंटरनेटवरचा प्रत्येक पत्ता कुठल्या तरी मोठ्या जाळ्याच्या क्रमांकाखाली जाहीर झालेला असतो आणि ही माहिती उघडी असते. स्वतः बघा:

```
curl -4 https://ifconfig.co
whois -h whois.cymru.com " -v 203.0.113.5"
```

पहिल्या ओळीने तुमचा बाहेर दिसणारा पत्ता मिळतो. दुसऱ्या ओळीत माझ्या नमुन्याच्या पत्त्याऐवजी तो घाला. शेवटच्या रकान्यात जाळ्याचं नाव येतं. व्हीपीएन बंद असताना तिथे तुमच्या इंटरनेट कंपनीचं नाव दिसेल. चालू केल्यावर बहुतेक वेळा सर्व्हर भाड्याने देणाऱ्या एखाद्या डेटा सेंटर कंपनीचं. आता सेवेच्या जागी बसून विचार करा: डेटा सेंटरच्या रॅकमध्ये बसून रात्री मालिका कोण बघतं? तो पत्ता कुठल्याही यादीत नसला तरी संशय तिथेच सुरू होतो. लहान कंपनीचं व्हीपीएन घेतलं तरी सर्व्हर त्याच भाड्याच्या जागेत असतो, त्यामुळे भोचक यांची युक्ती फार दिवस टिकत नाही.

रात्रपाळी, अजून एक करून बघा. व्हीपीएन चालू ठेवून या दोन्ही ओळी द्या आणि फक्त देश इथे लिहा. पत्ते टाकू नका:

```
curl -4 https://ifconfig.co/country
curl -6 https://ifconfig.co/country
```

---

रात्रपाळी

पहिल्यात व्हीपीएनचा देश आला. दुसऱ्यात माझाच देश आला! हे कसं काय?

---

आडकेबल

मला तीच शंका होती. तुमच्या घरच्या जोडणीला आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ असे दोन पत्ते आहेत. तुमचं व्हीपीएन फक्त पहिल्याची वाहतूक बोगद्यातून नेतंय, दुसरा उघडाच आहे. दोन्ही उपलब्ध असले तर ब्राउझर आणि ॲप साधारणपणे आयपीव्ही६ ला आधी संधी देतात. म्हणजे सेवेचा जो सर्व्हर दोन्ही बोलतो त्याला तुम्ही घरी दिसता, जो फक्त जुना पत्ता बोलतो त्याला तुम्ही परदेशात दिसता. एकाच पानाच्या एका सेकंदातल्या दोन विनंत्या दोन देशांतून! यादीही लागत नाही मग, तुम्ही स्वतःच कबुली देता.

साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या डीएनएस सर्व्हरचंही तसंच. पत्ता एका देशाचा आणि डीएनएस चौकश्या घरच्या इंटरनेट कंपनीच्या सर्व्हरकडून, ही विसंगती बाहेर दिसते. मोबाइलवर तर ॲपला सिमचा देश आणि परवानगी दिली असेल तर जीपीएसही दिसतं. व्हीपीएन यातलं काहीच बदलत नाही. ब्राउझरचं घड्याळ कुठल्या टाइम झोनवर आहे हेसुद्धा पानाला वाचता येतं, पण नुसत्या घड्याळावरून कोणी अडवत असेल असं मला वाटत नाही.

उलटा किस्साही आहे. जून २०१६ मध्ये हरिकेन इलेक्ट्रिक या नेटवर्क कंपनीच्या फुकट आयपीव्ही६ बोगद्यातून येणारे लोक नेटफ्लिक्सवर अडायला लागले. ज्यांची इंटरनेट कंपनी आयपीव्ही६ देत नव्हती असे हौशी लोक तो बोगदा वापरायचे. देश बदलायचा त्यातल्या अनेकांचा हेतूच नव्हता. पण त्या बोगद्याने कुठूनही कुठलंही टोक निवडता येत होतं, म्हणून सगळेच प्रॉक्सीत मोजले गेले. हेतू कोणी विचारत नाही.

---

कोपऱ्यातला_राउटर

हे वाचून माझं जुनं दुखणं आठवलं. आमच्या घरात कोणीही व्हीपीएन वापरत नाही, तरी मध्यंतरी आमच्याकडे असाच 'प्रॉक्सी' संदेश आणि आक्रसलेली यादी. ग्राहक सेवा म्हणते तुमच्या इंटरनेट कंपनीला विचारा, इंटरनेट कंपनी म्हणते आमच्याकडे काही दोष नाही. काही आठवड्यांनी आपोआप नीट झालं. आडकेबल, याचं काय उत्तर?

---

आडकेबल

दोन शक्यता. एक, तुमच्या इंटरनेट कंपनीकडे पत्ते कमी असल्याने ती एका पत्त्यामागे अनेक घरं बसवते. त्यातल्या एकाने उद्योग केले की सगळे भरडले जातात. ऑगस्ट २०२१ मध्ये नेटफ्लिक्सने घरगुती पत्त्यांवरही बंदी वाढवली तेव्हा व्हीपीएन न वापरणाऱ्या अनेकांनी हीच तक्रार केली होती. कारण काही व्हीपीएन आणि प्रॉक्सीवाले डेटा सेंटरचे पत्ते जळाल्यावर घरगुती पत्ते भाड्याने घ्यायला लागले होते, आणि सेवा त्यांच्या मागोमाग तिथे पोचली. राउटर बंद-चालू करून नवा पत्ता मिळाला की असा त्रास कधीकधी जातो, तुमच्याकडे बहुधा पत्ता आपोआपच बदलला असावा.

दुसरी शक्यता जरा वाईट आहे, पण तारायंत्र तिच्याबद्दल लिहिणार होत्या.

---

तारायंत्र

हो, साधाप्रश्न यांचं फुकटचं व्हीपीएन.

सर्व्हर भाड्याने घ्यायला पैसे लागतात. मग फुकट कसं परवडतं? काही ॲप तुमच्याच जोडणीला बाहेरचं टोक बनवतात. तुम्ही दुसऱ्याच्या घरच्या पत्त्यावरून बाहेर पडता आणि कोणी अनोळखी तुमच्या पत्त्यावरून. होला नावाच्या सेवेबद्दल २०१५ मध्ये हे उघड झालं. वापरकर्त्यांची बँडविड्थ लुमिनाटी या नावाने विकली जात होती. घरातल्या एखाद्या फोनवर असं ॲप असलं तर तुमचा पत्ता प्रॉक्सीच्या यादीत जाणं अगदी रास्त आहे, कारण तो खरंच प्रॉक्सी असतो! कोपऱ्यातला_राउटर, घरातले सगळे फोन आणि टीव्हीला लावायच्या डब्या तपासल्या होत्या का?

---

कोपऱ्यातला_राउटर

नाही. मुलांच्या फोनवर काय काय आहे देव जाणे. आज बघतो.

---

फिरस्ती

मी कामानिमित्त वर्षातला बराच काळ देशाबाहेर असते. व्हीपीएन नाही, काही नाही. तरी हॉटेलच्या वायफायवर यादी बदलते, डाउनलोड करून नेलेले काही भाग उघडत नाहीत, आणि एका संगीत सेवेने तर काही दिवसांनी सांगितलं की देश बदला नाहीतर पैसे भरा. मग माझ्यावरही संशय का?

---

तारायंत्र

तुमच्यावर संशय नाही, तुम्ही खरोखर दुसऱ्या देशात आहात म्हणून तिथली यादी मिळते. डाउनलोड केलेल्या भागाचे हक्क त्या देशात नसले तर तो अडतो. संगीताचं म्हणाल तर स्पॉटिफायच्या फुकट खात्याला परदेशात १४ दिवसांची मुभा आहे. त्यापुढे प्रोफाइलचा देश बदला किंवा पैसे भरा. पैसे भरणाऱ्याला ती अट नाही. तुमचं वर्णन तशाच अटीसारखं वाटतंय.

युरोपीय संघात मात्र १ एप्रिल २०१८ पासून नियमच आहे की पैसे भरलेली सेवा सदस्य देशांमध्ये तात्पुरत्या प्रवासात घरच्यासारखीच मिळाली पाहिजे. तिथे सेवेला तुमचा राहता देश कार्ड, बिल, ओळखपत्र अशा गोष्टींवरून तपासावा लागतो, नुसत्या आयपीवरून नाही. म्हणजे कायद्याने सांगितलं तर सेवा 'कुठे आहे' आणि 'कुठला आहे' यात फरक करू शकते. इतरत्र ती कटकट घेत नाही.

---

रात्रपाळी

आणि माझं गेमच्या दुकानाचं? तिथे मी काही बघितलंसुद्धा नाही, नुसता देश बदलला.

---

तारायंत्र

ही तिसरी यंत्रणा, आणि खरे निर्बंध लागतात ते इथेच. पैशाची.

व्हिडिओ सेवेत तुम्ही कुठूनही बघा, महिन्याचे पैसे घरच्या देशाच्या दराने जातात. मालिका दुसऱ्या यादीतली बघितली म्हणून सेवेचं थेट नुकसान होत नाही, म्हणून ती संदेश दाखवून थांबते. दुकानात मात्र देश बदलला की किंमतच बदलते. एकच गेम वेगवेगळ्या देशांत बऱ्याच फरकाने विकला जातो, आणि लोक स्वस्त देशाचा वेश घेऊन खरेदी करतात. तिथे दुकान आणि गेम बनवणारा दोघेही दात धरून असतात.

म्हणून दुकान तीन देश जुळवून बघतं: पत्ता कुठला, प्रोफाइल कुठलं आणि कार्ड कुठलं. कार्डाचे पहिले सहा ते आठ आकडे बँकेची ओळख सांगतात, त्यावरून कार्ड कुठल्या देशात निघालं ते कळतं. इथे व्हीपीएन काहीच करू शकत नाही. तुमच्या बाबतीत पत्ता आणि प्रोफाइल त्या देशाचं, कार्ड घरचं. म्हणून कार्ड नाकारलं जातंय. गिफ्ट कार्ड कार्डाशिवाय भरता येतं, म्हणून तेवढं आत गेलं आणि आत गेलेली रक्कम त्याच चलनाला बांधली गेली.

मुदतीचं कारणही हेच. स्टीम या गेमच्या दुकानाने जून २०२१ मध्ये देश बदलायला तीन महिन्यांतून एकदाच अशी अट घातली, आणि बदलल्यावर त्या देशाचंच पैसे भरण्याचं साधन लागतं. गुगल प्लेमध्ये वर्षातून एकदाच. ॲपलमध्ये देश बदलण्याआधी शिल्लक शून्य करावी लागते आणि सदस्यता संपू द्याव्या लागतात. म्हणजे तुमच्यावर कोणी खास राग धरलेला नाही, ज्याने ज्याने देश बदलला त्याला ही मुदत लागतेच. खरंच स्थलांतर केलेल्यालाही.

पण स्टीमच्या करारात जागा लपवण्यासाठी प्रॉक्सी वापरायची नाही असं स्पष्ट लिहिलेलं आहे आणि तसं केल्यास खातं बंद करता येईल असंही आहे. जून २०२४ मध्ये यूट्यूबने दुसऱ्या देशाच्या दराने घेतलेली प्रीमियम सदस्यता रद्द करायला सुरुवात केली होती. बघण्यासाठी व्हीपीएन आणि खरेदीसाठी व्हीपीएन या दोन्हीला एकाच मापाने मोजू नका, एवढंच माझं म्हणणं.

---

भोचक

मग माझं म्हणणं तेच आलं ना? बघायला काही धोका नाही.

---

तारायंत्र

तसं सरसकट नका म्हणू. जाहिरातींची स्वस्त योजना असेल तर नेटफ्लिक्स तिच्यावर व्हीपीएन चालूच देत नाही, कारण जाहिरात देणारा एका देशातल्या प्रेक्षकासाठी पैसे मोजतो आणि प्रेक्षक भलताच निघाला तर तो हिशोब खोटा. थेट प्रक्षेपणालाही तसंच.

---

चष्मिष्ट

माझ्या ओळखीच्या एकाचं व्हिडिओचं खातं व्हीपीएनमुळेच कायमचं बंद झालं. कंपनीने 'अटींचा भंग' एवढंच कळवलं. तेव्हा नुसतं बघून खातं जात नाही हे मला पटत नाही.

---

तारायंत्र

अटींमध्ये तो अधिकार असतो, त्यामुळे अशक्य म्हणणार नाही. माझ्या कामात मी बघितलेल्या बंद खात्यांमागे मात्र जवळजवळ नेहमी दुसरं काहीतरी असायचं: चोरीचं कार्ड, बँकेकडून उलटवलेले पैसे, किंवा एकच खातं अनेकांना विकलेलं. ओळखीच्या व्यक्तीने ते खातं कुठून तरी स्वस्तात विकत घेतलं होतं का, ते विचारून बघा.

---

चष्मिष्ट

विचारलं. म्हणतो 'मित्राकडून घेतलं होतं'. आता मित्राने कुठून घेतलं ते कळायला मार्ग नाही.

---

शंकासुर

तांत्रिक चर्चा उत्तम, पण मूळ मुद्दा कोणी बोलतच नाही. मी पैसे भरतो, सेवेकडे मालिका आहे, मला बघायची आहे. मधली भिंत कृत्रिम आहे. जानेवारी २०२१ मध्ये युरोपीय आयोगाने स्टीमच्या मालक कंपनीला आणि पाच गेम प्रकाशकांना देशागणिक कुलुपं लावल्याबद्दलच दंड केला ना? मग चूक कोणाची?

---

आडकेबल

तो दंड युरोपच्या आतल्या आत गेमच्या किल्ल्या अडवल्याबद्दल होता, स्पर्धेच्या कायद्याखाली. त्यातून 'व्हीपीएन लावायचा हक्क आहे' असं निघत नाही.

---

शंकासुर

हक्क आहे असं मी म्हणत नाही. गुन्हा नाही असं म्हणतो. अटी मोडणं वेगळं, कायदा मोडणं वेगळं.

---

तारायंत्र

हा फरक बरोबर, पण तांत्रिक अडथळा चुकवणं हेच काही देशांच्या कॉपीराइट कायद्यात वेगळं मोजलं जाऊ शकतं, आणि काही देशांत व्हीपीएनवरच निर्बंध आहेत. इथे वकील असतील तर त्यांनी बोलावं. मला एवढंच माहीत आहे की सेवेला न्यायालयात जायची गरजच पडत नाही, ती अटींवर बोट ठेवून खातं थांबवते.

---

शंकासुर

म्हणजे न्यायाधीशही तेच आणि फिर्यादीही तेच. मला हे पटलेलं नाही, पण असो.

---

रात्रपाळी

आयपीव्ही६ बंद करून बघू का? व्हीपीएनच्या सेटिंगमध्ये तसं बटण आहे.

---

आडकेबल

गळती बंद करण्यासाठी ते बटण चालू ठेवणं चांगलंच, सार्वजनिक वायफायवर तर हवंच. पण त्याने कॅटलॉग उघडेल या आशेवर नको. डेटा सेंटरचा पत्ता डेटा सेंटरचाच राहतो.

---

तारायंत्र

आणि सध्या काही दिवस तरी त्या खात्यावर व्हीपीएन नको. पासवर्ड बदलला आहेच, तो इतरत्र कुठे वापरला असेल तर तिथलाही बदला. 'नव्या ठिकाणाहून लॉगिन' अशी मेल आली की 'हे तर माझंच व्हीपीएन' असं समजून दुर्लक्ष करायची सवय लागते आणि एखाद्या दिवशी लॉगिन खरंच चोराचं असतं. मेलमधल्या लिंकवर न जाता खात्याच्या सेटिंगमधली उपकरणांची यादी उघडा. तुमच्या व्हीपीएनच्या देशांशी आणि वेळांशी जुळत नाही असं काही दिसलं तर काढून टाका.

गेमच्या दुकानाला लिहिताना गोलमाल करू नका. 'फिरायला गेलो होतो' वगैरे लिहिलंत तर त्यांच्याकडे लॉगिनच्या नोंदी आहेत. घरचा देश हाच राहता देश आहे, कार्ड तिथलं आहे, देश मूळपदावर आणायचा आहे, एवढं लिहा. लवकर बदलून देतील की मुदत संपेपर्यंत थांबायला सांगतील ते त्यांच्यावर. देश परत बदलला की शिल्लक घरच्या चलनात येईल की तिथेच राहील, हे दुकानागणिक वेगळं आहे, म्हणून बदलाच्या बटणाला हात लावण्याआधी हाच एक प्रश्न लेखी विचारून घ्या.

---

रात्रपाळी

उपकरणांच्या यादीत चार देश दिसतायत. तीन माझ्या सर्व्हरचे, वेळाही जुळतात. चौथ्या देशात मी सर्व्हर लावल्याचं आठवत नाही, पण वेळ त्याच रात्रीची आहे.

---

आडकेबल

व्हीपीएन कंपनी ज्या देशाचं नाव दाखवते तिथेच सर्व्हर असतो असं नाही. पत्ता एका देशाच्या नावाने नोंदवलेला, यंत्र दुसरीकडे, आणि प्रत्येक माहितीकोश त्याला वेगळ्या ठिकाणी बसवतो. त्यामुळे तो तुमचाच असू शकतो. उपकरणाच्या नावापुढे काय लिहिलंय? तुमचाच ब्राउझर आहे का?

---

रात्रपाळी

नुसतं 'स्मार्ट टीव्ही' लिहिलंय. व्हीपीएन मी टीव्हीवर कधीच लावलेलं नाही.

---

तारायंत्र

मग तो तुमचा नाही असं धरून चाला. आत्ता काढा, पासवर्ड पुन्हा बदला, आणि मेलच्या खात्याचाही.